सगळं कसं हिरवंगार

बँकेतल्या माणसाकडून त्याच्या शाखेत काय काय बिघडलंय हे जाणून घ्यायचं असेल, तर जेवणाच्या सुट्टीत विचारावं. डबा उघडलेला असतो, साहेब बाहेर गेलेले असतात, आणि लोणच्याच्या फोडीबरोबर शाखेची सगळी लफडी बाहेर येतात. कोणाचा पासवर्ड कोणाला पाठ आहे, तिजोरीची किल्ली कोणत्या ड्रॉवरमध्ये असते, मोजताना मशीन कुठल्या नोटेला अडखळतं, सगळं. हाच माणूस अडीच वाजता जागेवर परततो. त्याच्यापुढे एक छापील तक्ता ठेवून ‘आपल्या कामातील धोक्यास १ ते ५ पैकी गुण द्यावेत’ असं म्हटलं, की तो पेनाचं टोपण काढून सगळीकडे दोन लिहितो. एक लिहिलं तर फार आगाऊपणा वाटेल आणि तीन लिहिलं तर खुलासा द्यावा लागेल, एवढं गणित त्याने मनात केलेलं असतं.

या दुसऱ्या उद्योगाला बँकांत आरसीएसए म्हणतात. म्हणजे रिस्क अँड कंट्रोल सेल्फ असेसमेंट. मराठीत सांगायचं तर ज्याचं काम त्यानेच सांगायचं की माझ्या कामात काय काय चुकू शकतं, ते चुकू नये म्हणून मी काय करतो, आणि तेवढं करूनही किती धोका उरतो. कल्पना मुळात तेल कंपनीची. १९८७ साली कॅनडातल्या गल्फ कॅनडा कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षकांच्या लक्षात आलं, की आपण महिनोन् महिने कागद चाळून जे शोधतो ते त्या खात्यातल्या माणसांना आधीपासून माहीत असतं. मग त्यांनी त्याच माणसांना एका खोलीत बसवलं आणि सरळ विचारायला सुरुवात केली. ही युक्ती जगभर गेली, बँकांनी तर ती उचलूनच धरली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये कामकाजातल्या धोक्यांवर नवी मार्गदर्शक टिपणी काढली. तिच्या कक्षेत नागरी सहकारी बँकाही आल्या, आणि ज्या शाखांमध्ये आजवर ‘वर्कशॉप’ म्हटलं की गॅरेज आठवायचं तिथे आरसीएसएचं वर्कशॉप येऊन पोचलं.

कॅनडातल्या लोकांनी ती खोली कशी भरवली असेल ते असो. आपल्याकडे खोलीत माणसं बसली की पहिली दहा मिनिटं कोण कुठे बसणार यात जातात. मी अंतर्गत लेखापरीक्षण विभागात, म्हणजे शाखेच्या भाषेत ‘इन्स्पेक्शनवाला’. सोनेतारणाचं मोठं काम असलेल्या एका शाखेच्या वर्कशॉपला मी निरीक्षक म्हणून गेलो होतो. निरीक्षकाने बोलायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. पण आमच्या जातीचा माणूस नुसता बसला तरी लोक पाणी पितानासुद्धा जपून पितात. म्हणून मी मागच्या भिंतीला टेकून, कॅलेंडरच्या खाली, शक्य तितका कॅलेंडरसारखा दिसत बसलो.

वर्कशॉप घेणारा मुलगा मुख्य कार्यालयातल्या रिस्क विभागाचा. हे बरोबरच होतं. गुण देण्याचा कार्यक्रम ऑडिटने चालवायचा आणि नंतर त्याच गुणांची तपासणीही ऑडिटनेच करायची, असं झालं की ऑडिट स्वतःच्याच कामाचं ऑडिट करत बसतं. मुलगा हुशार होता. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि चिठ्ठ्या टाकायला शाखेतूनच मागून घेतलेला स्टीलचा डबा, अशी त्याची सामग्री. परदेशात गुप्त मतदानाला बटणांची यंत्रं वापरतात, आमच्याकडे डबा. डब्यात काही वाईट नाही. त्याला बेसनाच्या लाडवांचा वास येत होता, एवढंच.

शाखेतली नऊ माणसं होती. चार अधिकारी, पाच क्लार्क. शिपाईकाका दाराशी उभे. त्यांना मत नव्हतं. तिजोरी उघडताना रोज तिथे हजर असणारा शाखेतला एकमेव माणूस मतदार यादीत नसावा, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण मी कॅलेंडर होतो.

पहिला प्रश्न रोकड कमी भरण्याचा. शक्यता किती आणि परिणाम किती, दोन आकडे द्यायचे. परिणामाला हेडकॅशियरबाईंनी पाच दिले. पाच म्हणजे ‘विनाशकारी’. व्यवस्थापकसाहेबांनी एक दिला. मुलगा गोंधळला. बाई म्हणाल्या, “अहो, मागच्या दिवाळीत पाचशेची एक नोट कमी आली ती मी पदरची भरली. साहेबांचं काय जातंय?” साहेब म्हणाले, “शाखेच्या ठेवी शंभर कोटींच्या आहेत, मॅडम.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. तक्त्यावर पाच म्हणजे ‘विनाशकारी’ एवढंच छापलेलं असलं आणि विनाश कोणाचा, किती रुपयांचा, हे छापलेलं नसलं, तर प्रत्येक जण आपल्या खिशाच्या मापाने विनाश मोजतो. अशा वेळी वर्कशॉप तिथेच थांबवून माप ठरवावं लागतं. मुलाने ते केलं, हे त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं. पन्नास हजारांच्या आत एक, पुढे पायऱ्या चढत चढत एक कोटीच्या वर पाच. आणि रक्कम कितीही असली तरी पेपरात नाव येण्यासारखं असेल तर किमान चार. बाईंच्या पाचशे रुपयांचा एक झाला. त्यांनी चिठ्ठी बदलली, पण चेहरा नाही.

मग पासवर्डचा प्रश्न आला. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, ही मेकर-चेकरची रीत. दोघांचे पासवर्ड वेगळे. एकाचा पासवर्ड दुसऱ्याने वापरण्याची शक्यता किती, असा प्रश्न होता. डब्यातून नऊ चिठ्ठ्या निघाल्या. चार जणांनी एक लिहिला होता, चार जणांनी पाच, आणि एका सावध माणसाने तीन. मुलाने बेरीज केली, सत्तावीस. भागिले नऊ, तीन. पडद्यावर ‘३, मध्यम’ असं उमटलं, पिवळा चौकोन लागला आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला.

या जागी मला कॅलेंडरपण सोडून ओरडावंसं वाटलं. नऊच्या नऊ जणांनी तीन लिहिलं असतं तरी सरासरी तीनच आली असती, पण त्या दोन शाखा सारख्या नाहीत. एकीत सगळ्यांना थोडीशी शंका आहे. दुसरीत अर्ध्या लोकांची खात्री आहे की असं कधी होत नाही आणि अर्ध्या लोकांची खात्री आहे की असं रोज होतं. शाखेत चार अधिकारी आणि पाच क्लार्क होते हे वर सांगितलंच आहे. कोणी काय लिहिलं असेल ते वाचकांवर सोपवतो. वर्कशॉपमधला सगळ्यात किमती ऐवज आकड्यांची सरासरी नसते, आकडे किती फाकलेत ते असतं. फाकलेल्या आकड्यांवर थांबून “एवढं वेगळं का दिसतंय?” असं विचारण्यासाठीच तर माणसं एका खोलीत बसवायची, नाहीतर तक्ते टपालाने पाठवले असते. पण बारा प्रश्न बाकी होते आणि वडे गार होत होते.

यानंतर तो प्रश्न आला, ज्यासाठी हा सगळा लेख.

सोनेतारणात गिऱ्हाईकाचे दागिने बँकेकडे येतात. सराफ वजन करतो, कस लावतो, किंमत काढतो. दागिने पाकिटात जातात, पाकिटावर सील आणि सह्या होतात, आणि पाकीट तिजोरीत जातं. तिजोरीला दोन किल्ल्या. एक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडू नये. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. किल्लीधारक रजेवर जाणार असेल तर त्याने आपली किल्ली ठरलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हवाली करायची, रजिस्टरात तारीख, वेळ आणि देणाऱ्या-घेणाऱ्याची सही. सगळी व्यवस्था इतकी साधी आहे, की ती मोडण्यासाठी एकच गोष्ट लागते. काम अडलं पाहिजे.

प्रश्न होता: दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या हाती येण्याची शक्यता किती? चिठ्ठ्या उघडल्या. एक, एक, एक, एक, एक, एक, एक, एक. आठ एकांनंतर नववी चिठ्ठी उघडली तेव्हा मुलगा क्षणभर थबकला. तिच्यावर पाच होता. शिवाय तो पाच मराठी होता.

बाकीच्या आठ चिठ्ठ्यांवर इंग्रजी आकडे. या शाखेत अजूनही मराठी आकडे लिहिणारं माणूस एकच आहे, आणि ते कोण हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, कारण तिच्या हातची व्हाउचरं रोज सगळ्यांच्या टेबलावरून जातात. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. कोणी पाहत नाहीये हे इतकं ठळक होतं, की पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मुलाने प्रसंगावधान राखून चिठ्ठी चटकन डब्यात ढकलली आणि म्हणाला, “पुढच्या वेळेपासून आकडा लिहायचा नाही, छापील चौकोनात नुसती खूण करायची.” गुप्त मतदान करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ पाठ करावी. हस्ताक्षर ओळखू येतं, शाईचा रंग ओळखू येतो, चिठ्ठीची घडीसुद्धा ओळखू येते. दहा माणसांच्या खोलीत गुप्तता ही फार नाजूक वस्तू आहे.

साहेब हसून म्हणाले, “कोणीतरी प्रश्न उलटा वाचलाय.” सगळे हसले. तेरा भागिले नऊ, एक पूर्णांक चव्वेचाळीस शतांश, म्हणजे गोळाबेरीज एक. परिणामाच्या आकड्यावर चर्चा झाली. सोनं गेलं तर कोट्यवधींचा फटका, म्हणजे पाच. पण साहेब म्हणाले, आपला विमा आहे. म्हणून दोन. एक गुणिले दोन, बरोबर दोन. पंचवीसपैकी दोन. पडद्यावर गडद हिरवा चौकोन उमटला. शाखेने त्या दिवशी एकूण अठरा धोक्यांना गुण दिले. त्यांपैकी सोळा हिरवे, पासवर्डचा एक पिवळा, आणि एक लाल.

लाल कोणता? ‘सर्व्हर रूममधील वातानुकूलन यंत्र जुने असल्याने सेवा खंडित होण्याचा धोका.’ शक्यता पाच, परिणाम पाच, पंचवीसपैकी पंचवीस. या मुद्द्यावर शाखेत अपूर्व एकमत होतं. सर्व्हरचा एसी आणि साहेबांच्या केबिनचा एसी एकाच डक्टवर आहे, हा तपशील तक्त्यात नव्हता. लोक स्वतःच्या धोक्याला नेहमी कमीच गुण देतात असा समज आहे, तो खरा नाही. जिथे गुणांच्या पाठोपाठ काम येतं तिथे गुण कमी पडतात, आणि जिथे सामान येतं तिथे भरपूर पडतात. एसी असो, नोटा मोजायचं यंत्र असो की आणखी एक क्लार्क, बऱ्याच शाखांचा लाल रंग हा मागणीपत्राचा रंग असतो. तपासणाऱ्याने हिरव्याइतकंच लालाकडेही संशयाने बघावं.

इथवर शाखेचं काम झालं. आता आमचं.

आरसीएसएचा निकाल ऑडिटने ‘पडताळायचा’ असतो. म्हणजे काय, यावर आमच्याच लोकांत दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, शाखेने तक्ता नीट भरला का, सह्या आहेत का, सगळे रकाने भरलेत का, हे पाहावं आणि शिक्का मारावा. यात अर्धा दिवस जातो, संध्याकाळची गाडी मिळते. दुसऱ्या तटाचं म्हणणं, शाखेने जो दावा केला तो खरा आहे का ते पाहावं. मी दुसऱ्या तटाचा. पहिल्या तटातली माणसं माझ्यापेक्षा वेळेवर घरी जातात हे मान्य करतो.

सगळे अठरा धोके तपासायला वेळ नसतो, आणि गरजही नसते. आधी शाखेचा तक्ता बाजूला ठेवून तीन जुने कागद काढायचे. गेल्या दोन तपासण्यांतले शेरे, नुकसानीच्या नोंदींचं रजिस्टर आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींची फाइल. तक्त्यात ‘असं कधी झालं नाही’ आणि तक्रारीच्या फाइलमध्ये ‘तिसऱ्यांदा कळवत आहे’ असं असेल, तर तो धोका पहिल्यांदा तपासायचा. मग ज्यांचा मूळ धोका मोठा, पण शाखेच्या म्हणण्याप्रमाणे नियंत्रणामुळे जो नाहीसा झाला, ते घ्यायचे. ज्याचा मूळ धोकाच छोटा तो खुशाल हिरवा राहू दे. तिजोरीच्या किल्ल्यांचा मूळ धोका, म्हणजे कुठलीच काळजी घेतली नाही असं धरलं तर, शाखेनेच चार गुणिले पाच, वीस दिला होता. विसाचे दोन झाले ते मुख्यतः दोन किल्ल्यांच्या भरवशावर. तेव्हा तो भरवसा तपासायचा.

आता कोणालाही वाटेल, की मी त्या मराठी पाचवाल्या बाईंना बाजूला घेऊन विचारलं असेल. तसं करायचं नसतं. ज्याने खरं लिहिलं त्याला दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शनवाल्याबरोबर चहा पिताना शाखेने पाहिलं, की पुढच्या वर्षी डब्यात नऊच्या नऊ एक निघतात. चिठ्ठी एवढंच सांगते की कुठे बघा. बघायचं कागदांकडे.

मी तीन महिन्यांची रजेची यादी मागवली. दुसऱ्या किल्लीचे धारक सोनेतारण अधिकारी त्या तिमाहीत सहा दिवस रजेवर होते. संगणकातून पाहिलं, तर त्या सहांपैकी चार दिवशी नवी सोनेतारण कर्जं दिली होती. कर्ज दिलं म्हणजे पाकीट तिजोरीत गेलं, म्हणजे तिजोरी उघडली, म्हणजे दोन्ही किल्ल्या लागल्या. मग किल्लीच्या हवाल्याचं रजिस्टर काढलं. चारांपैकी दोन दिवसांची नोंद चोख होती. किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिलेली, वेळ, सह्या, सगळं. उरलेल्या दोन दिवसांची नोंदच नव्हती. शेवटी तिजोरी उघडण्या-बंद करण्याचं रजिस्टर काढलं. त्या दोन्ही दिवशी सकाळ-संध्याकाळ रजेवरच्या अधिकाऱ्यांचीच सही होती.

अधिकारी त्या दिवसांत वारीला गेले होते. शेवटचे टप्पे चालत पंढरपूरला पोचले होते, याला अर्धं गाव साक्षी. माणूस वाखरीच्या रिंगणात उभा असताना त्याची सही शेकडो किलोमीटरवरच्या तिजोरीपाशी उमटते, ही गोष्ट भक्तीच्या खात्यात टाकली तर चमत्कार आहे. ऑडिटच्या खात्यात तिला ‘मागाहून केलेली सही’ म्हणतात. त्यातही कारागिरी होती. सलग चार सह्या एकाच शाईच्या, एकाच तिरकसपणाच्या आणि एकाच घाईच्या. रोज वेगवेगळ्या वेळी सही करणाऱ्या माणसाची सही अशी कधीच येत नाही.

साहेबांनी काही लपवलं नाही. म्हणाले, “सोनेतारणवाले निघताना घाईत होते. किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवून गेले. दुसरे अधिकारी दुपारनंतर येणार होते, आणि दारात गिऱ्हाईक उभं. हॉस्पिटलचा खर्च होता हो त्यांचा. मग मीच दोन्ही किल्ल्यांनी उघडलं.” हे सगळं खरं होतं, गिऱ्हाईकसुद्धा खरं होतं. काम अडणं म्हणतात ते हेच.

मग पुढची पायरी. त्या दोन दिवशी आत गेलेली पाकिटं अकरा. अकराही काढली, सीलं पाहिली, आणि शाखेच्या नेहमीच्या सराफाऐवजी दुसरा सराफ बोलावून वजन आणि कस पुन्हा लावला. दुसरा सराफ का, तर पहिल्याने पहिल्यांदा जे सांगितलं तेच तो दुसऱ्यांदाही सांगणार. अकराच्या अकरा पाकिटं चोख निघाली. एक गुंजही इकडची तिकडे नव्हती.

यानंतर शाखेत जो वाद झाला तो या धंद्यातला सगळ्यात जुना वाद आहे. साहेब म्हणाले, “बघा! सोनं सगळं जागेवर. मग आमचा एक चुकीचा कसा?” मी म्हटलं, “साहेब, सोनं जागेवर राहिलं ते तुम्ही चांगले म्हणून. दोन किल्ल्यांमुळे नाही.” साहेबांना यात आधी कौतुक ऐकू आलं, मग हळूहळू बाकीचं ऐकू आलं. नुकसान झालं नाही हा नियंत्रण चालू असल्याचा पुरावा होत नाही. कुलूप न लावता गावाला गेलो आणि चोरी झाली नाही, म्हणून कुलूप प्रभावी ठरत नाही. नियंत्रणाबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. कागदावरची रचना बरोबर आहे का? दोन किल्ल्या, दोन माणसं, रजिस्टर, उत्तम आहे. आणि ती रचना रोज चालते का? तपासण्याजोगे चार दिवस होते, त्यांतले दोन दिवस चालली नव्हती. वर्कशॉपमधल्या आठ माणसांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. नवव्या बाईंनी दुसऱ्याचं.

इथे आमच्या बाजूची मर्यादाही सांगायला हवी. चारांतले दोन म्हणजे पन्नास टक्के, असं मी अहवालात लिहिलं नाही. मी मुद्दामच रजेचे दिवस निवडले होते, कारण मोडण्याची जागा तीच. बाकीच्या दिवसांना ते प्रमाण लावता येत नाही. आणि दोन्ही किल्लीधारकांनी संगनमत केलं असतं, तर रजिस्टरं इतकी सुरेख लिहिलेली सापडली असती, की मी त्यांची छायाचित्रं काढून प्रशिक्षणात दाखवली असती. संगनमताविरुद्ध दोन किल्ल्या चालत नाहीत, आणि वर्कशॉप तर अजिबातच चालत नाही, कारण चोर त्याच खोलीत बसून एक लिहीत असतो. त्याला औषध वेगळं. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये व्यापारी बँकांना सांगितलं, की नाजूक जागांवरच्या माणसांना वर्षातून एकदा अचानक, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवा. त्या दहा दिवसांत त्याच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं, की बरंच काही आपोआप बाहेर येतं. ही जगातली बहुधा एकमेव रजा, जी मिळाल्यावर माणूस घाबरतो.

मग गुणांचा हिशेब पुन्हा मांडला. शक्यता एक नव्हे, तीन. परिणामाचं तर शाखेने उगाचच दोन केलं होतं. दोन किल्ल्यांमुळे चोरीची शक्यता कमी होते, पण झालीच तर जाणारं सोनं कमी होत नाही. ते कमी करायचं तर तिजोरीत सोनं कमी ठेवायला हवं. राहिला विमा. दावा आला की विमा कंपनी विचारणारच, की दोन किल्ल्या दोघांकडे होत्या का. आणि वारीतली सही त्यांनाही दिसणारच. म्हणजे नियंत्रण मोडलं की विमाही डळमळतो, आणि शाखेने दोघांचं श्रेय वेगवेगळं घेतलं होतं. परिणाम पाचवरच ठेवला. तीन गुणिले पाच, पंधरा. गडद हिरव्याचा भडक नारिंगी झाला. पासवर्डच्या पिवळ्यालाही हात लावावा लागला. संगणकातली नोंद काढली, तर नोंद करणारा आणि मंजूर करणारा एकाच संगणकावरून, चार-पाच सेकंदांच्या अंतराने. तेही दिवसातून कितीदा तरी. इतक्या वेगाने खुर्च्या बदलणारी माणसं सर्कशीत असतात. एसीचा मात्र आम्ही लाल काढून पिवळा केला, कारण गेल्या वर्षात सर्व्हर एकदाही तापून बंद पडल्याची नोंद नव्हती. या एका दुरुस्तीवर शाखा जितकी नाराज झाली तितकी किल्ल्यांवरही झाली नाही.

उपाय अगदी किरकोळ होता. किल्लीच्या हवाल्याची नोंद झाल्याशिवाय किल्लीधारकाची रजा संगणकात मंजूरच होणार नाही, असं करून घेतलं. आणि तिसरा अधिकारी पर्यायी धारक म्हणून आधीच नेमून ठेवला. दोन्हीला मिळून बँकेला काही खर्च आला नाही.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. दुसऱ्या वर्कशॉपला छापील चौकोन होते, शाई सगळ्यांची एकच होती, आणि साहेब स्वतःहून बाहेर जाऊन बसले. शाखेने किल्ल्यांना प्रामाणिकपणे तीन दिला, पासवर्डला चार. आम्ही तपासलं, आमचेही जवळजवळ तेच आले. शाखेचा अंदाज आणि आमची तपासणी इतकी जुळण्याची वेळ माझ्या अनुभवात क्वचितच येते. आणि मुख्य कार्यालयातून शाखेला पत्र गेलं. ‘गतवर्षीच्या तुलनेत आपल्या शाखेतील धोक्यांत लक्षणीय वाढ झाल्याचे निदर्शनास आले असून, त्याबाबतचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.’ शेजारच्या शाखेने सगळे दोन दिले होते. तिला प्रशस्तिपत्र मिळालं, वार्षिक सभेत फोटो निघाला.

मी त्यावर वर एक टिपण पाठवलं. त्यात एवढंच सुचवलं, की शाखेला शाबासकी द्यायची ती रंगावरून देऊ नका. शाखेने स्वतःला दिलेले गुण आणि ऑडिटने तपासून काढलेले गुण यांत फरक किती, त्यावरून द्या. फरक कमी तर शाखा स्वतःला ओळखते. मग ती लाल असली तरी चालेल. त्या हिशेबाने प्रशस्तिपत्र पहिल्या शाखेचं होतं, आणि शेजारच्या शाखेत आम्ही अजून गेलोच नव्हतो. टिपण ‘विचाराधीन’ आहे.

तेव्हा तुमच्या कचेरीत असं वर्कशॉप ठरलं, तर साहेबांना विनंती, की किल्ल्या-पासवर्डच्या प्रश्नांना आपण बाहेर चहा प्यावा आणि दारातल्या शिपाईकाकांना आत एक चिठ्ठी द्यावी. सरासरी सांगणाऱ्याला सगळे आकडे वाचून दाखवायला लावा. आणि डबा तुमच्यापुढे आला आणि खरं उत्तर पाच असेल, तर पाचच लिहा. फक्त बाकीचे ज्या आकड्यांत लिहितात, त्याच आकड्यांत लिहा.